गच्चीवरचे ऊन आणि जिन्याखालचा मीटर

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. नारायणगावातल्या आमच्या सोसायटीची सभा होती. गणपती नुकतेच होऊन गेले होते, त्यामुळे वर्गणीचा विषय पाच मिनिटांत आटोपला आणि सभा विजेच्या बिलावर येऊन अडली. गच्चीवर दहा किलोवॅटचे सौर पॅनेल बसवून जेमतेम सहा महिने झाले होते. एप्रिल ते जुलै असे चार महिने सोसायटीच्या सामाईक मीटरचे बिल स्थिर आकारापुरतेच आले होते आणि सगळे खुशीत होते. ऑगस्टचे बिल मात्र ३५० युनिटचे आले.

"वीज आपण बनवतो, मग बिल कसलं?" तळमजल्यावरच्या दुकानदार भाऊंनी विचारले. दुसरे एक जण म्हणाले, "सौरच्या मीटरवर ७२० युनिट दिसतायत आणि बिलात ३७०च धरलेत. निम्मी वीज गेली कुठे?" तिसऱ्यांनी उपायच सुचवला : गच्चीवर जागा शिल्लक आहे, आणखी पाच किलोवॅट बसवून टाकू, म्हणजे पावसाळ्यातही बिल येणार नाही. पॅनेल बसवणाऱ्या ठेकेदाराचा दर कुणाच्या तरी खिशात तयारच होता. हात वर होण्याच्या बेतात असताना दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर उठले आणि म्हणाले, "मार्चपर्यंत थांबा. एक वर्ष पुरं होऊ द्या, मग बोलू."

मास्तर गणिताचे. पॅनेल सुरू झाल्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ते जिन्याखाली जाऊन आकडे वहीत उतरवून घेत. मी सोसायटीचा खजिनदार असल्याने ती वही पुढे माझ्याकडे आली. या लेखातले आकडे त्याच वहीतले आहेत, फक्त दहाच्या पटीत गोल केलेले.

आधी निम्म्या विजेचा प्रश्न. जिन्याखाली दोन मीटर आहेत. एक सौर निर्मितीचा. गच्चीवरून इन्व्हर्टरमार्गे जी वीज खाली येते, ती तो मोजतो. दुसरा दुतर्फी मीटर, ज्याला नेट मीटर म्हणतात. तो आपली सोसायटी आणि बाहेरची लाइन यांच्या वेशीवर बसलेला असतो. बाहेरून आत आलेली वीज तो एका खात्यात मोजतो, त्याला आयात म्हणायचे. आतून बाहेर गेलेली दुसऱ्या खात्यात, ती निर्यात. त्याच्या पडद्यावर हे दोन आकडे आळीपाळीने येतात. बिल बनते ते या दुसऱ्या मीटरवरून. सौर मीटरचा आकडा बिलाच्या वजाबाकीत कुठेच येत नाही.

आता दुपारी बारा वाजता काय होते ते पाहा. गच्चीवरून सात किलोवॅट येत आहेत. त्याच वेळी पाण्याची मोटर चालू आहे, लिफ्ट वरखाली होते आहे, आणि या सगळ्याला मिळून तीन किलोवॅट लागत आहेत. हे तीन जागच्या जागी खर्च होतात आणि उरलेले चार वेशीबाहेर जातात. वेशीवरच्या मीटरला फक्त चार दिसतात. तीन जागेवर वापरले गेले याची त्याला गंधवार्ताही नसते. ऑगस्टमध्ये सौर मीटरने ७२० युनिट दाखवले आणि निर्यात ३७० झाली, याचा अर्थ मधले ३५० युनिट आमच्याच मोटरीने, लिफ्टने आणि दिव्यांनी परस्पर खाल्ले. ते कुठे गेले नाहीत आणि कुणी चोरलेही नाहीत. ते ३५० बाहेरून घ्यावे लागले नाहीत, हाच त्यांचा फायदा.

मास्तरांनी वहीच्या पहिल्या पानावर एक समीकरण लिहून ठेवले आहे :

एकूण वापर = आयात + सौर निर्मिती − निर्यात

ऑगस्टचे आकडे घाला. आयात ७५०, निर्मिती ७२०, निर्यात ३७०. एकूण वापर ११०० युनिट. सौर येण्याआधी आमच्या सामाईक मीटरचे बिल साधारण एवढ्याच युनिटचे येत असे. म्हणजे हिशेब जुळला. बिल तपासण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. लिफ्ट, मोटर, जिन्यातले दिवे, वॉचमनच्या खोलीतला पंखा यांची भूक महिन्यामहिन्याला फारशी बदलत नाही. या समीकरणातून एखाद्या महिन्यात एकदम ६०० किंवा १८०० असा वापर निघाला, तर तिघांपैकी एक आकडा चुकला आहे असे समजावे. निर्यात निर्मितीपेक्षा जास्त दिसली तर विचारायलाच नको. तेवढी वीज आणायची कुठून? अशा वेळी आयात आणि निर्यातीचे आकडे आलटून लिहिले गेले असण्याची किंवा मीटरची जोडणी उलटी झाली असण्याची शक्यता पहिली. तिन्ही आकडे एकाच दिवशी घेतलेले असायला हवेत, ही त्यातली अट. निर्मितीचा आकडा एक तारखेचा आणि आयात-निर्यात बिलावरची, म्हणजे पाच-सहा तारखेची, असे केले की समीकरण उगाचच बिघडते.

याच समीकरणाने आंबेगाव तालुक्यातला एक घोळ सुटला. मंचरला आमचे मेव्हणे राहतात. त्यांच्या सोसायटीत तीस किलोवॅटचे पॅनेल आहे. त्यांचा एके दिवशी फोन आला, "दाजी, आमच्याकडं तर दरोडाच पडलाय. महिन्यात ३९६० युनिट बनले आणि बाहेर गेले फक्त १२१!" मी त्यांना आयात विचारली. ती म्हणे साडेअठ्ठ्याऐंशी. समीकरणात घातले तर सोसायटीचा वापर चार हजारांच्या जवळ जात होता, आणि सौर येण्यापूर्वी तो तेहतीसशेच्या आसपास असे. शिवाय तीस किलोवॅटच्या सोसायटीने महिन्यात बाहेरून फक्त ८८ युनिट घ्यावेत, हे रात्रीच्या लिफ्टलाही पुरणारे नव्हते.

मंचरला जाऊन बिल पाहिले. त्यावर गुणक या रकान्यात २० लिहिले होते. भार मोठा असला की सगळा प्रवाह मीटरमधून नेत नाहीत. मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो शंभर अँपिअरचे पाच करून मीटरला देतो, म्हणजे विसावा हिस्सा. मग मीटरवरच्या फरकाला वीसने गुणायचे. बिलात ते गुणलेले होतेच. मंडळींनी मात्र पडद्यावरचा आकडा तसाच उचलला होता आणि सौर निर्मितीचा मीटर थेट जोडलेला असल्याने त्याचा आकडा पुरा धरला होता. १२१ गुणिले २० म्हणजे निर्यात २४२०. साडेअठ्ठ्याऐंशी गुणिले २० म्हणजे आयात १७७०. एकूण वापर ३३१०. दरोडा मिटला. मेव्हण्यांनी तोवर तक्रारीचा मसुदा तीन पाने लिहिला होता, तो त्यांनी अजून जपून ठेवला आहे. चूक उलट्या बाजूनेही होऊ शकते, म्हणजे आयातीला गुणक लागला आणि निर्यातीला राहिला, अशी. तीही याच समीकरणात पकडली जाते, म्हणून बिलावरचा तो एक लहानसा रकाना पाहून ठेवावा.

आता आमच्या वहीकडे परत येऊ, कारण पाच किलोवॅटचा प्रश्न तिथेच लोंबकळत होता.

महाराष्ट्रात छतावरच्या सौर विजेच्या नेट मीटरिंगचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये केले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेरीस त्यांच्या जागी नवे नियम आणले. हिशेबाचा गाभा तोच राहिला. महिन्याच्या आयातीतून निर्यात वजा करायची. आयात जास्त असेल तर उरलेल्या युनिटचे बिल. निर्यात जास्त असेल तर वरचे युनिट पुढच्या महिन्यात जमा. पुढच्या महिन्यात कमी पडले तर आधी त्या शिलकीतून घ्यायचे. हे खाते आर्थिक वर्षाचे असते, एक एप्रिल ते एकतीस मार्च. मार्चअखेर जी शिल्लक राहील ती वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि एप्रिलमध्ये खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा विकत घेण्याचा दर, आपण बिलात जे वरच्या टप्प्याचे दर भरतो त्यांच्या मानाने फारच कमी असतो. सगळी मेख इथे आहे.

एप्रिल २०२४ मध्ये आमची आयात ६६० आणि निर्यात ९०० होती, २४० जमा. मेमध्ये आणखी २९० जमा झाले आणि शिल्लक ५३० वर गेली. जून उजाडला, मढ-आपटाळेकडून ढग यायला लागले, आणि पहिल्यांदा आयात निर्यातीच्या वर गेली; ८० युनिट शिलकीतून गेले, राहिले ४५०. जुलैने एकदम ४२० खाल्ले. महिनाभर निर्मिती ६९० होती, मेच्या निम्म्याहून कमी. शिल्लक उरली ३०. ऑगस्टला ३८० कमी पडले, त्यातून हे ३० वजा जाऊन ३५० चे बिल आले. सभेत गाजलेले बिल ते हेच. सप्टेंबरला आणखी १५० चे आले.

त्यानंतर आकाश मोकळे झाले. ऑक्टोबरपासून दर महिन्याला थोडी थोडी भर पडत गेली : १००, ११०, ७०, १४०, १९०, आणि मार्चमध्ये तब्बल ३१०. एकतीस मार्च २०२५ रोजी आमच्या खात्यात ९२० युनिट जमा होते.

मास्तरांनी वर्षाची बेरीज मांडली तेव्हा माझाही विश्वास बसेना. वर्षभराची निर्मिती १३,७१० युनिट. वर्षभराचा वापर १३,२९०. म्हणजे लागली त्यापेक्षा ४२० युनिट जास्त वीज आम्ही बनवली होती. तरीही ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मिळून ५०० युनिटचे पैसे पूर्ण दराने भरले, आणि मार्चला ९२० युनिट स्वस्तात देऊन टाकले. पावसाळ्यातली तूट आणि उन्हाळ्यातली भर एकाच वर्षात असूनही भेटली नाहीत, कारण तूट आधी आली आणि भर नंतर. मार्चची शिल्लक पुढच्या ऑगस्टपर्यंत टिकली असती तर सगळा हिशेब फिटला असता. पण मधे एक एप्रिल येतो. खाते जून ते मे असे ठेवले असते तर त्याच्याशीही पावसाळा फटकूनच राहिला असता. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरला सुरू होणारे खाते आपल्याकडच्या उन्हाला मानवले असते. पण सरकारी वर्ष उन्हाला विचारून ठरलेले नाही.

मग पाच किलोवॅट वाढवले तर? मास्तरांनी वहीतले प्रत्येक महिन्याचे निर्मितीचे आकडे घेतले, त्यांचा दहावा हिस्सा म्हणजे एका किलोवॅटची कमाई, आणि वर्षाचा हिशेब एकेक किलोवॅट वाढवून पुन्हा केला. एका किलोवॅटचे वर्षाचे १३७१ युनिट होतात. अकरावा किलोवॅट असता तर एप्रिल-मेची शिल्लक इतकी झाली असती, की ऑगस्ट-सप्टेंबरचे ते ५०० युनिटचे बिल संपूर्ण गेले असते. पण त्याचे उरलेले ८७१ युनिट मार्चअखेरच्या स्वस्त खात्यात जाऊन पडले असते. बारावा, तेरावा, चौदावा, पंधरावा यांनी बनवलेले सगळेच्या सगळे युनिट त्याच खात्यात. पाच किलोवॅटचे ६८५५ युनिट, त्यातले कामाचे ५००.

उलट बाजूनेही पाहिले. नऊच किलोवॅट बसवले असते तर? वर्षात ५०० ऐवजी ११९३ युनिटचे बिल भरावे लागले असते आणि मार्चला ९२० ऐवजी २४२ उरले असते. म्हणजे आज गच्चीवर असलेल्या दहाव्या किलोवॅटने बनवलेल्या १३७१ पैकी ६९३ बिलातून वजा होतात आणि ६७८ स्वस्तात जातात. अर्धा कामाचा, अर्धा फुकटासारखा. आमचे दहाचे माप अंदाजाने घेतलेले होते, ते काठावर बसले हा नशिबाचा भाग.

याच ठिकाणी अनेक सोसायट्या फसतात असे मला वाटते. २०२४ पासूनच्या पीएम सूर्य घर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. अनुदान किलोवॅटवर मिळते, ठेकेदाराची कमाईही किलोवॅटवर, आणि गच्ची तर रिकामीच असते. त्यामुळे तिघांचेही मत मोठ्या मापाच्या बाजूने पडते. मंजूर भारापेक्षा मोठे पॅनेल बसवता येत नाही, हा एक अडसर. पण त्या मर्यादेच्या आतही जास्त होऊ शकते. आपल्या सामाईक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिले एकत्र करून वर्षाचा वापर काढावा आणि तेवढीच किंवा त्याहून जराशी कमी निर्मिती धरावी. शेवटचा किलोवॅट किती कमावतो हे पाहावे, सरासरी पाहू नये. आणखी एक गैरसमज तिथेच मिटवावा : सामाईक मीटरवरची शिल्लक त्याच मीटरची असते. आमच्याकडे एका काकूंनी "माझ्या घरचं बिल का नाही कमी झालं?" असे विचारले होते. ते होणार नव्हतेच. त्यांच्या घरचा मीटर वेगळा.

बिल आले तरी ते आधीसारखे नसते, हेही खरे. घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटवर बदलतात, आणि ते वजाबाकी होऊन उरलेल्या युनिटला लागतात. पूर्वी ११०० पैकी ६०० युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात जात. ऑगस्टच्या ३५० मध्ये १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्या आणि जेमतेम ५० तिसऱ्या टप्प्यात होते. सौर विजेने सगळ्यांत महाग युनिट आधी कापले जातात, म्हणून शेवटच्या काही स्वस्त युनिटांमागे लागून पाच किलोवॅट घेणे आणखीच तोट्याचे.

सभेनंतर एका हौशी सदस्याने पहाटेची पाण्याची मोटर दुपारी चालवायला लावली. "ऊन आहे तेव्हाच वापरायचं," हा त्यांचा सिद्धांत. ऑक्टोबरमध्ये निदान ९० युनिटची मोटर दुपारवर गेली. आयात त्यामुळे ९० ने कमी झाली. निर्यातही बरोबर ९० ने कमी झाली. वजाबाकी होती तिथेच राहिली आणि वॉचमनची दुपारची झोप तेवढी गेली. दिवसभर एकच दर असेल तर ही धडपड व्यर्थ आहे. जिथे वेळेनुसार दर लागतात तिथे मात्र ती कामाची, कारण तिथे एका वेळेच्या गटात बाहेर गेलेली वीज आधी त्याच गटातल्या आयातीतून वजा करायची, अशी तरतूद २०१५ च्या नियमांत होती. आयोगाचे दर-आदेश बदलतात; आपल्या जोडणीला काय लागू आहे ते बिलावर पाहूनच वॉचमनला उठवावे.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट वहीत सापडली. मे आणि मार्चमध्ये काही दिवस निर्मिती एकाएकी पडलेली दिसते, ढग नसतानाही. पहिल्यांदा आम्ही धूळ धरली. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला धूळ भरपूर, आणि पॅनेल पुसल्यावर आकडा थोडा वाढलाही. पण मोठे खड्डे होते ते लाइन गेलेल्या दिवसांचे. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून झटका बसू नये म्हणून तसा नियमच आहे. डोक्यावर रखरखीत ऊन आणि गच्चीवर शून्य. दुरुस्तीसाठी पाच तास लाइन बंद राहिली तर आमचे तीसएक युनिट जातात, आणि न बनलेल्या युनिटची नोंद कुठेच होत नाही. लाइनचा दाब फार चढला तरी इन्व्हर्टर तसाच सुटतो. शेतीच्या मोटरी एकदम बंद झाल्या की दाब चढतो, हे तालुक्यात कुणाला सांगायला नको. इन्व्हर्टरच्या पडद्यावर त्या वेळेची नोंद राहते. दर सकाळी एकदा तिकडे पाहिले तरी पॅनेल खराब आहे की लाइन, हे कळते.

एप्रिल २०२५ ची सभा तासाभरात संपली. पाच किलोवॅटचा ठराव मागे घेतला गेला, आणि ज्यांनी तो मांडला होता त्यांनीच दुसरा मांडला : फेब्रुवारी-मार्चमध्ये जी शिल्लक साचते तिच्यावर सोसायटीच्या आवारात विजेच्या दुचाकी चार्ज करायची सोय सामाईक मीटरवर करावी, आणि ज्याने त्याने युनिटमागे सोसायटीला पैसे द्यावेत. वीज कंपनी देते त्यापेक्षा थोडा जास्त आणि घरच्या मीटरपेक्षा थोडा कमी, असा दर ठरला. ऑगस्टमध्ये ही सोय बंद ठेवायची की नाही यावर मात्र वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

बिल आले तेव्हा मी पहिल्यांदा दोन रकाने पाहिले. मागील शिल्लक : शून्य. ९२० युनिटचे पैसे जमा बाजूला आलेले होते. मास्तरांनी वहीत नवे पान काढले, वर २०२५-२६ लिहिले आणि चष्मा सावरत जिन्याखाली गेले.